पूररेषेच्या आतल्या वीस गुंठ्यांविषयी नातीला खुले पत्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझे बारसे अजून व्हायचे आहे, म्हणून मायन्यात नावाची जागा मोकळी ठेवली आहे. हे पत्र तुझ्यासाठी असले तरी मी ते उघडे ठेवते आहे. तुला वाचता येईल तेव्हा यातल्या काही गोष्टी ठरून गेलेल्या असतील, आणि त्या ठरवणारी माणसे आज कोल्हापुरात महापालिकेत, नगररचनेच्या कार्यालयात, पाटबंधारे खात्यात आणि आपल्यासारख्या जमीनमालकांच्या घरांत बसलेली आहेत. त्यांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

आजी-आजोबांनी नातवंडांसाठी काय मागे ठेवले याची यादी एरवी दागिने, घर आणि जमीन अशी होते. आपल्याकडे दागिने बेताचे आहेत आणि घराला तुझे आई-बाबा समर्थ आहेत. उरते ती प्रयाग चिखलीकडच्या वाटेवरची, पंचगंगा नदीच्या अंगाची वीस गुंठे मळीची जमीन, जी तुझ्या पणजोबांपासून आपल्याकडे चालत आली आहे. ती निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नकाशावर पुराच्या पाण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात आहे. गेल्या काही वर्षांत तिच्यासाठी गिऱ्हाइके येऊ लागली आहेत आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच असते, की आठ फूट मुरूम टाकला की जमीन 'वर येते'. मी ती विकलेली नाही आणि भरूही दिलेली नाही. त्यामागचे कारण तुला माझ्याकडूनच कळावे, कारण उद्या घरात कोणीतरी तुला सांगेल की आजीच्या हट्टापायी एवढा पैसा गेला.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होते. पावसाळ्यात पूरनियंत्रण कक्षात बसून ठिकठिकाणांहून आलेले आकडे नोंदवहीत लिहायचे, हे माझे काम होते. त्या नोंदवहीने मला नदी शिकवली. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी फूट आणि इंचांत मोजतात. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आहे आणि ४३ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात जुलै उजाडला की पानाच्या टपरीवरचा माणूससुद्धा हे दोन आकडे बोलतो. पण नुसत्या पातळीवरून फारसे कळत नाही. पाणी तासाला एक इंच चढते आहे की अर्धा फूट, गगनबावड्यात पाऊस थांबला आहे की नाही, आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णा चढलेली आहे की उतरते आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ४१ फुटांचा अर्थ लागत नाही. पहिल्या दोन्हींची उत्तरे चांगली असली आणि तिसऱ्याचे वाईट असले, तरी पाणी दिवसेंदिवस तिथेच उभे राहू शकते.

याचे कारण नदीच्या बांधणीत आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या सह्याद्रीच्या उतारावरून उतरतात आणि कोल्हापूरच्या वरच्या अंगाला एकत्र येतात. परंपरा पाचवी सरस्वती गुप्त मानते, म्हणून नदी पंचगंगा. वरचा उतार तीव्र असल्यामुळे पाणी झपाट्याने येते, पण प्रयागच्या संगमापासून नृसिंहवाडीपर्यंतच्या सुमारे ८० किलोमीटरमध्ये नदी जवळजवळ सपाट मुलुखातून वळणे घेत जाते. शिवाय पश्चिम घाटात पडणारा तोच पाऊस कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांतही पडत असतो, त्यामुळे पंचगंगा नृसिंहवाडीला पोहोचते तेव्हा बहुधा कृष्णाही फुगलेली असते आणि पंचगंगेला आपले पाणी तिच्यात ओतता येत नाही. मग ते मागे तुंबते आणि बाजूला पसरते. ही बाजूची पसरण्याची जागा म्हणजेच आपली वीस गुंठे आणि तिच्यासारखी हजारो एकर शेती.

तू मोठी होशील तेव्हा लोक तुला सांगतील की पूर धरणामुळे येतो. भोगावतीवरचे राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केले. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते अपुरे होते आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. सातही उघडले आणि वीजगृहातून जाणारे पाणी धरले, तरी साडेअकरा हजार क्युसेकच्या आसपास बेरीज होते. महापुरात राजाराम बंधाऱ्यावरून याच्या कितीतरी पट पाणी जात असते. उरलेले येते ते बाकीच्या नद्यांचे, ओढ्यांचे आणि धरणांच्या खालच्या भागात पडलेल्या पावसाचे, ज्याच्या वाटेत एकही दरवाजा नाही. दरवाजे आपोआप उघडत असल्यामुळे पाऊस येण्याआधी त्यांच्यातून तलाव रिकामा करून ठेवता येत नाही, ही त्या रचनेची मर्यादा खरी आहे आणि तिच्यावर बोललेच पाहिजे. परंतु 'दरवाजे उघडले म्हणून पूर आला' असे म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा नदीकाठी आपण काय केले हा प्रश्न सोयीस्करपणे मागे पडतो. खाली कर्नाटकातल्या अलमट्टीकडे बोट दाखवतानाही नेमके हेच होते. अलमट्टीत पावसाळ्याच्या मध्यावर पाणी किती साठवावे, हा दोन राज्यांनी आकडे समोर ठेवून सोडवण्याचा प्रश्न आहे, आणि त्यावर गल्लीतल्या कट्ट्यावर बसून मत देण्याइतकी माहिती माझ्याकडे तरी नाही. २०१९ च्या महापुरानंतर शासनाने नेमलेल्या समितीने अतिवृष्टीबरोबर नदीकाठच्या अतिक्रमणांचाही उल्लेख केला होता. तेवढ्यावर तरी आपल्याला इथल्या इथे काही करता येते.

आता आपल्या जमिनीचा हिशेब सांगते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यामुळे वीस गुंठे २१,७८० चौरस फूट होतात. त्यावर आठ फूट भराव टाकला, तर पुराच्या पाण्याची १,७४,२४० घनफूट जागा जाते. राधानगरीच्या एका दरवाजातून एवढे पाणी यायला दोन मिनिटे लागतात. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका गृहस्थांना मी हा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा ते हसून म्हणाले, ''बघा, म्हणजे काहीच नाही!'' त्यांचे गणित चुकलेले नव्हते. जमिनीकडे फक्त पाणी साठवणारी जागा म्हणून पाहिले, तर आपले वीस गुंठे खरोखरच काही नाहीत.

पण पुराच्या वेळी नदीकाठची जमीन पाणी नुसते साठवत नाही, ती ते वाहूनही नेते. पात्र भरून नदी बाहेर पडली की तिचा मोठा हिस्सा दोन्ही बाजूंच्या शेतांवरून, संथ का होईना, पुढे सरकत असतो. त्या वाटेवर आडवा भराव आला की पाणी त्याच्या मागे अडते, पुढे जायला लागणारा उतार मिळेपर्यंत वरच्या बाजूला चढते, आणि मग भरावाच्या कडेने जोरात घुसते. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या वाटेवर कोणी पाट मांडून बसले, तर त्याने किती जागा घेतली हे कोणी विचारत नाही, सगळी पंगत खोळंबते एवढेच दिसते. भरावाचे नुकसान भरणाऱ्याला होत नाही. त्याची इमारत कोरडी राहते आणि पाणी शेजारच्या शेतात, समोरच्या काठावर किंवा वरच्या गावात जाते. म्हणूनच एकेका भरावाचा परिणाम मोजायला गेले तर इंचाचाही भरत नाही आणि सगळ्यांचा मिळून काय झाला, हे कोणाच्याच नावावर लिहिता येत नाही.

याची मोठी आवृत्ती रस्त्यांची आहे. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ नदीचे पूरक्षेत्र ओलांडतो आणि २०१९ व २०२१ अशा दोन्ही वर्षी तो पाण्यामुळे बंद पडला. रस्ता बंद पडू नये म्हणून तो उंच करावा ही मागणी रास्त आहे. मात्र तो मातीच्या भरावावर उंच केला तर रस्ता चालू राहील आणि वरच्या बाजूची गावे अधिक काळ पाण्यात राहतील. खांबांवर उंच केला तर दोन्ही साधते, पण खर्च वाढतो. पूरक्षेत्रातल्या रस्त्यांवर भरावाऐवजी कमानी किंवा खांब असावेत, ही मागणी इथले शेतकरी करतात ती याच अनुभवातून. तू या रस्त्याने जाशील तेव्हा खिडकीतून खाली पाहा. मोऱ्या किती आहेत आणि त्या नदीच्या पातळीला आहेत की शोभेला, हे तुला पाच मिनिटांत कळेल.

निळी रेषा म्हणजे काय, हेही तुला नीट माहीत असावे, कारण ती पुसट करण्याचे प्रयत्न तुझ्या हयातीत होतच राहतील. पूरक्षेत्राच्या नकाशावर दोन रेषा असतात. ढोबळ मानाने, सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर जाते ती निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो. तिथे शेती, मैदाने, बागा असे मोकळे वापर अपेक्षित आहेत. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींसह बांधकामाला वाव असतो.

इथे माणसे फसतात ती 'वर्षांतून एकदा' या शब्दांनी. २०१९ ला मोठा पूर येऊन गेला, आता पुढची पंचवीस वर्षे काळजी नाही, असे मला एका शिकल्या-सवरल्या माणसाने सांगितले होते, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा धोका पातळीच्या कितीतरी वर गेले. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता, मग आदल्या वर्षी पूर आलेला असो वा नसो. या हिशेबाने तू पंचवीस वर्षांची होईपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात ६४ आहे. लाल रेषेचा पूर दर वर्षी शंभरात एक, पण तू ऐंशी वर्षे जगलीस, आणि जगशीलच, तर तो तुझ्या आयुष्यात निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात ५५ होते. म्हणजे ज्याला आज लोक 'शंभर वर्षांचा पूर' म्हणून कपाटात ठेवतात, तो तू पाहण्याचीच शक्यता न पाहण्याहून जास्त आहे. आणि हा हिशेब पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील असे धरून आहे. २०१९ मध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला अनेक दिवस सलग पाऊस पडून राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ मध्ये मुख्य पाऊस २२ आणि २३ जुलैच्या सुमारास एकवटून कोसळला आणि पाणी फार वेगाने चढले. घरातले सामान माळ्यावर टाकायला जो अवधी आम्हाला पूर्वी मिळायचा, तो तुला मिळेलच असे मला सांगता येत नाही.

पाणी चढण्याचा क्रम तरी आम्ही पाठ केलेला आहे. घाटावरची देवळे बुडतात, बंधारे पाण्याखाली जातात, नदी पात्राबाहेर पडते. मग शहरात जयंती नाल्याकाठच्या सुतारवाड्यातली कुटुंबे बाहेर काढावी लागतात आणि गावांत चिखली-आंबेवाडीकडे हालचाल सुरू होते. त्या गावांना सोनतळीला पुनर्वसनाची जागा मिळालेली आहे, तरी पाणी उतरले की माणसे मागे फिरतात, कारण शेत तिथे आहे, गोठा तिथे आहे, आणि म्हशीची रोज दोन्ही वेळ धार काढायची असते. शहरातली माणसे त्यांना हट्टी म्हणतात. मी म्हणत नाही. पूरक्षेत्रात शेती असणे आणि पूरक्षेत्रात फ्लॅट असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शेतकरी पाण्याच्या जागेत पाण्याच्या वेळा सांभाळून राहतो, फ्लॅटवाल्याला ती जागा पाण्याची आहे हे बहुतेक वेळा कोणी सांगितलेलेच नसते.

पुराखेरीज या नदीची दुसरी तक्रार उन्हाळ्यातली आहे आणि ती मी थोडक्यात सांगते. पावसाळा संपला की कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालून पाणी अडवतात आणि त्यावर आपला ऊस जगतो. अडलेल्या पाण्यात शहराचे आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळले की पाणी काळे पडते, जलपर्णी माजते आणि मासे मरून वर येतात. खाली इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची साथ भोगली आहे. कोल्हापूर शहराला २०२३ पासून काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने मिळू लागले, ही चांगलीच गोष्ट झाली, पण त्यामुळे पंचगंगा घाण राहिली तरी आपले काही अडत नाही असे शहराला वाटू लागेल, अशी मला धास्ती आहे. खालच्या गावांचे अडते.

आता तुझ्या जमिनीचे. तुझ्या बाबांचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. शेजारच्यांनी भराव टाकून विकले, आपण न टाकल्याने नदी काही कमी चढणार नाही, आणि त्या पैशांत तुझे शिक्षण झाले असते, हा त्यांचा हिशेब आहे. त्याला माझ्याकडे पैशांत उत्तर नाही. नियमाने निषिद्ध असलेल्या जागेत जी इमारत उभी राहते, तिच्यात घर घेणाऱ्या कुटुंबाला आपण जे विकतो ते मला विकायचे नाही, एवढेच माझे उत्तर आहे. आणि सरकारला माझे म्हणणे असे आहे, की पाण्याला वाट देणारी जमीन मोकळी ठेवणाऱ्याला त्याचा काही मोबदला मिळावा. शहरासाठी रस्त्याला किंवा बागेला जागा सोडली, तर दुसरीकडे बांधकामाचा हक्क मिळतो. मग पुरासाठी जागा सोडणाऱ्यालाही तसाच हक्क लाल रेषेच्या बाहेर का मिळू नये? तसे झाले असते तर आपल्या घरात ही कुरबुर झालीच नसती. नुसत्या बंदीवर नकाशा टिकत नाही, हे मी नोकरीच्या काळात पुरेसे पाहिले आहे.

जमीन तुझ्या हाती येईल तेव्हा तिचे वागणे समजून घे. ऊस दोन-चार दिवसांचे पाणी सोसतो. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर पीक बहुधा हाती येते, पण शेंडा बुडून पोंग्यात गाळ बसला की तो कुजतो, कांडीवरचे डोळे फुटतात आणि वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात. म्हणून पाणी उतरल्याबरोबर पहिल्यांदा पोंगे उपसून पाहायचे. आतला भाग पांढरा आणि घट्ट असेल तर थांबायचे, तपकिरी आणि घाण वासाचा असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. पंचनामा व्हायच्या आधी पीक काढायचे नाही, नाहीतर भरपाईच्या वेळी दाखवायला काही उरत नाही. नदीने टाकलेला गाळ पातळ असेल तर तो खताइतका उपयोगी पडतो, हातभर जाड असेल तर आधी सुकू द्यावा लागतो. बांधावरची वाळुंजाची झाडे तोडू नकोस, माती धरून ठेवायला त्यांचा उपयोग होतो. नदीकडच्या बाजूला बांध घालून पाणी अडवण्याचा मोह कधी झाला, तर पलीकडच्या काठावर कोणाचे शेत आहे हे आधी विचारून ये.

सातबाऱ्यावर तुझे नाव लागायला अजून बराच अवकाश आहे. तोवर दर जूनला नगररचनेच्या कार्यालयात जाऊन पूररेषेचा नकाशा बदलला आहे का, हे पाहून येण्याचे काम माझ्याकडे आहे. माझे पाय थकले की ते तुझ्या आईकडे जाईल, तिने तसे कबूल केले आहे. नकाशातली रेषा नदीकडे सरकलेली दिसली, तर कोणत्या वर्षाचे पाणी धरून ती सरकवली हे लेखी विचारायचे. २०१९ आणि २०२१ ची पातळी हिशेबात घेतली आहे का, हा पहिला प्रश्न असावा.

तुझी आजी,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर